सासूबाईंचा ‘वे’

व्याकरणबाईंनी लग्न सासूशी केलं आणि नवरा बरोबर आला, असं त्यांच्या विभागातले लोक म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा म्हणत. बाईंनी कधी हरकत घेतली नाही, कारण त्यात फारसं खोटं नव्हतं.

झालं होतं ते असं. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि एक तरुण मेकॅनिक वरच्या मजल्यावर दोर तपासत होता. खाली त्याची आई डबा घेऊन आली. तिने बटण दाबलं. लिफ्ट चालू झाल्याचं तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे दार आपोआप उघडल्यावर ती एक पाऊल मागे सरली आणि काहीतरी बोलली. शेवटी ‘वे’ आला. बाजूला उभ्या असलेल्या एका किरकोळ अंगाच्या विद्यार्थिनीच्या हातातली पुस्तकं खाली पडली. डोंगरापलीकडच्या ज्या बोलीचे बोलणारे शोधत ती दोन उन्हाळे फिरली होती, ती बोली इथे डबा घेऊन उभी होती.

विद्यार्थिनी डबेवाल्या आईच्या मागे तिच्या घरी गेली आणि परत म्हणून आलीच नाही. लग्नात सासूबाई म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे. फक्त मला बोलायला लावते.”

ही व्याकरणबाई. आता केस पांढरे झालेत, चष्मा दोरीला लटकतो आणि भाजी घेतानासुद्धा समोरच्याचं क्रियापद कुठे पडतंय इकडे कान असतो. नवऱ्याला सगळे मेकॅनिक म्हणतात, बाई ‘अहो’ म्हणतात. तो अजूनही लिफ्ट दुरुस्त करतो. आईची बोली त्याला येत नाही. लहानपणी शाळेत पोरं हसली, वडील म्हणाले घरात ते गावठी बोलणं बंद, आणि झालं बंद. त्याला त्या बोलीतलं ‘जेव’, ‘झोप’ आणि ‘गप्प बस’ एवढं समजतं. तेवढ्यावर एक आयुष्य निघतं, असं त्याचं मत.

आता बाईंचा विषय सांगायलाच हवा, त्याला इलाज नाही. घाबरू नका, त्या स्वतः जेवणाच्या टेबलावर सांगतात त्यापेक्षा मी कमीच सांगणार आहे.

आपण मराठीत म्हणतो, “हा तर डॉक्टर निघाला!” किंवा “आलास की!” माणूस डॉक्टर आहे ही बातमी आणि मला हे आत्ता कळलं हा धक्का, दोन्ही एका वाक्यात जातात. आपण हे ‘निघाला’, ‘की’, ‘चक्क’ असल्या शब्दांवर भागवतो. काही भाषांनी त्यासाठी क्रियापदालाच शेपूट लावून ठेवलंय. अल्बेनियात परका माणूस त्यांची भाषा बोलायला लागला की ते म्हणतील, “ती फोल्के श्चिप!” म्हणजे तू चक्क अल्बेनियन बोलतोस! साधं ‘बोलतोस’ वेगळं, हे ‘फोल्के’ वेगळं. हेच रूप ते टोमणा मारायलाही वापरतात, कारण आश्चर्य आणि टोमणा यांचं घर शेजारी शेजारीच असतं. तुर्की माणूस सकाळी खिडकी उघडतो, बाहेर पांढरं दिसतं आणि तो ‘मिश’ लावतो: “कार याऽमिश”, बर्फ पडलाय की! तोच ‘मिश’ ऐकीव गोष्टीलाही चालतो, आपल्या ‘म्हणे’सारखा. ल्हासाच्या तिबेटीत आपल्याकडे एखादी वस्तू आहे हे आधीपासून माहीत असेल तर ‘आहे’ला एक क्रियापद, आणि पिशवीत हात घातल्यावर ती आत्ता सापडली तर दुसरं. याला बाई विस्मयार्थ म्हणतात. इंग्रजीवाले मिरेटिव्ह म्हणतात.

दुसरं खातं अवास्तवार्थाचं, म्हणजे इरिअ‍ॅलिसचं. जे घडलेलं नाही ते सगळं या खात्यात: पाऊस आला असता तर, तो उद्या येईल, तू जायला हवंस, ती नाहीच आली. प्रत्येक भाषा यात काय काय टाकते ते वेगळं. न्यू गिनीतल्या एका भाषेत तर ‘पूर्वी मी रोज नदीवर जायचो’ हेसुद्धा न घडलेल्यांच्या खात्यात जातं. का, तर त्यात एक ठरावीक दिवस बोट ठेवून दाखवता येत नाही. हे ऐकून मेकॅनिक एकदा म्हणाला होता, “म्हणजे माझी सगळी नोकरी गेली की त्यात.”

सासूबाईंच्या बोलीत दोन्ही होतं. शेवटी ‘वे’ लागला की विस्मय. पुढे ‘सा’ लागला की अवास्तव. ‘लीन’ म्हणजे आहे. ‘लीनवे’ म्हणजे अगंबाई, आहे की! ‘सालीन’ म्हणजे असता, असती, असायला हवं होतं. मांजर पहिल्यांदा दिसलं की त्याला ‘वे’. चहा होईपर्यंत तेच मांजर साधं, कारण आता ते माहितीत जमा झालं. हे एवढं कळलं की पुढची गोष्ट तुमची.

बाईंची पंचाईत अशी की आश्चर्य मागून मिळत नाही. “आई, तुम्हाला आश्चर्य वाटलं तर काय म्हणाल?” असं विचारलं की माणूस आठवून सांगतो, आणि आठवून सांगितलेलं आश्चर्य म्हणजे शिळा चहा. म्हणून बाईंनी धक्के द्यायला सुरुवात केली. साखरेच्या डब्यात मोजे ठेवले. कपाटात जिवंत कोंबडी ठेवली. मेकॅनिकला भिंतीमागून दाढी लावून यायला लावलं. रेकॉर्डर कायम चालू. सासूबाई पहिल्या वर्षी खरोखर दचकल्या. पुढे त्यांना अंदाज आला. डब्याला हात लावायच्या आधीच त्या विचारायच्या, “आज काय कोंबलंयस? सांगून टाक, मी आश्चर्य करते.” आणि झाकण उघडून, इमानदारीत, खणखणीत ‘वे’ लावून द्यायच्या.

बाईंनी बोलीचं व्याकरण लिहायला घेतलं तेव्हा परीक्षकांनी, एका फार मोठ्या सरांनी, नेमकं तिथेच बोट ठेवलं. ते म्हणाले, “ही सगळी ऑर्डरीची आश्चर्यं आहेत. न मागता आलेली दाखवा. आणि हे दोन प्रत्यय एका क्रियापदावर एकत्र बसतात का? अमेरिकेतल्या कॅडो भाषेत नवल करताना क्रियापद अवास्तवाच्याच रूपात येतं, गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली असली तरी. तुमच्या बोलीत?”

बाईंनी घरी येऊन सासूबाईंना विचारलं. ‘सालीनवे’ म्हणून दाखवलं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं.

“तोंडात बसत नाही ते. जे झालंच नाही त्याचं नवल कसं करायचं गं?”

बाईंना पटलं. त्यांनी लिहून टाकलं: ‘सा’ आणि ‘वे’ एकत्र येत नाहीत. न मागता आलेली आश्चर्यं मात्र राहिलीच होती, आणि पुस्तक त्यासाठी अडून बसलं होतं.

मग ती यायला लागली.

एका सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, “पाणी येतंय-वे!” डबा नाही, कोंबडी नाही, दाढी नाही. बाई आतल्या खोलीतून धावत आल्या. इतकं निर्मळ, कुणी न मागितलेलं उदाहरण! दुसऱ्या दिवशी खिडकीला ‘वे’ लागला. मग जिन्याला, मग शेजारणीला, जी तीस वर्षं शेजारीणच होती. बाई आनंदात. त्यांनी विभागात चहा पाजला. आठवडाभर त्या घरात शीळ घालत हिंडत होत्या, आणि बाईंना शीळ घालता येत नाही.

मग सासूबाई पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडे बघत म्हणाल्या, “घर मोठं आहे-वे.” त्या घरात त्यांनी मुलगा वाढवला होता, नवऱ्याला शेवटचा निरोप दिला होता. बाईंनी रेकॉर्डरचं बटण बघितलं, लाल दिवा लागलेला होता आणि त्यांची शीळ तिथेच थांबली. जी माणसं सगळ्याला ‘वे’ लावतात त्यांच्याकडे काही जमा होत नसतं. हे त्यांना कळायला एक आठवडा लागला आणि तो आठवडा त्यांनी चहा पाजण्यात घालवला. याची त्यांना लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार निघाला. एव्हाना त्यांची मराठी गेली होती, फक्त बोली उरली होती. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मेकॅनिककडे बोट दाखवून विचारलं, “आजी, हे कोण?” बाईंनी बोलीत विचारलं. सासूबाईंनी शेजारच्या नर्सकडे बघितलं. नर्स मघाशीच कौतुकाने म्हणाली होती, “मुलगा किती करतो हो तुमचं,” आणि बाईंनी ते बोलीत सांगितलंही होतं. सासूबाई म्हणाल्या, “तोबू लीनवे!”

“तोबू म्हणजे मुलगा ना?” मेकॅनिक उसळला. “ओळखलं! डॉक्टर, ओळखलं तिने!”

डॉक्टरांनी तसं टिपून घेतलं. बाईंनी ते तसंच राहू दिलं. ‘तोबू लीनवे’ म्हणजे ‘हा मुलगा आहे होय!’ हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळलं होतं.

तिथून पुढे रोज संध्याकाळी तेच. मेकॅनिक कामावरून यायचा, हात धुवायचा, आईसमोर स्टूल ओढून बसायचा. शेजारीण नाही तर कुणीतरी ‘मुलगा आला’ म्हणायचं, बाई ते बोलीत सांगायच्या आणि सासूबाई म्हणायच्या, “तोबू लीनवे!” आणि हसायच्या. हा बायकोकडे बघायचा.

“ओळखलं ना?”

“ओळखलं.”

“बघ, मला बघून किती खूश होते.”

“हो ना.”

बाईंनी आयुष्यभर शब्दाला शब्द लावून अनुवाद केले होते. एका स्वल्पविरामासाठी परीक्षकांशी भांडल्या होत्या. आता रोज संध्याकाळी त्या नवऱ्याशी एका प्रत्ययाएवढं खोटं बोलत होत्या.

पण मेकॅनिक लिफ्टचा माणूस. लिफ्ट बिघडली की आधी ऐकायची, उघडायची नंतर, ही त्याची पद्धत. एका रविवारी सकाळी बाई आतल्या खोलीत जुनी रेकॉर्डिंगं लावून बसल्या होत्या. साखरेचा डबा, मोजे, ‘वे’. कोंबडी, ‘वे’. तो दारात चहाचा कप घेऊन उभा राहिला.

“अगं, एक विचारू?”

“विचारा की.”

“मोज्यांना जे लागतंय तेच रोज मला का लागतं?”

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं.

“तू सव्वीस वर्षं जेवताना सांगत आलीस,” तो म्हणाला. “नवीन असेल तर ‘वे’. जुनं झालं की साधं. मी ऐकत नव्हतो असं तुला वाटतं, पण कान उघडे असतात माणसाचे. मी जुना आहे ना तिला? मग?”

“त्या तुम्हाला ओळखत नाहीत,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी सांगतं हा मुलगा आहे, आणि त्यांना नवल वाटतं. रोज.”

“डॉक्टरांकडे?”

“तेव्हाही.”

त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि रविवार असूनही कामावर निघून गेला. बाईंना वाटलं ओरडला असता तर बरं झालं असतं. हे वाक्य अवास्तवार्थात आहे हेही त्यांच्या लक्षात आलं. कसली सवय बघा, रडतानासुद्धा सुटत नाही.

दुपारी तो परत आला. हात काळे होते.

“मला शिकव,” तो म्हणाला. “मी तुझा मुलगा आहे. एवढं एकच. तिच्या भाषेत. माझ्या तोंडाने.”

बाईंनी शिकवलं. “अन ना तोबू लीन.” मी तुझा मुलगा आहे. साधं, ठाम, शेपूट नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वयंपाकघरात फेऱ्या मारत चार शब्द घोकत होता. ‘ना’ त्याच्या तोंडात मराठीच व्हायचा. मग त्याने हात धुतले, स्टूल ओढलं आणि सांगितलं.

सासूबाईंचा चेहरा बघता बघता बदलला. त्या मागे सरल्या, जशा कधीतरी लिफ्टच्या दारापासून सरल्या होत्या, आणि भराभर बोलल्या. खोटं बोलतोस, म्हणाल्या. माझा मुलगा एवढासा आहे. शाळेत गेलाय. तू कोण माणूस? माझ्या मुलाला काय केलंस? त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला आणि दाराकडे बघत बसल्या, शाळा सुटायची वाट बघत.

“काय म्हणाली?” त्याने विचारलं.

या वेळी बाईंनी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. तो ऐकून घेत होता. एकदाच म्हणाला, “एवढासा?” आणि हाताने मोजून दाखवलं, गुडघ्याच्या जरा वर.

आठवडाभर तो स्टुलावर बसलाच नाही. दारातून बघायचा आणि जायचा. सासूबाईही त्याला बघून गप्प व्हायच्या. भीती मात्र बरोबर जमा झाली होती, तिला ‘वे’ लागत नव्हता. बाईंचं पुस्तक तसंच पडून होतं. उदाहरणं आता ढीगभर होती, हवी तेवढी, न मागता आलेली. बाईंनी त्यातलं एकही घातलं नाही.

मग एके संध्याकाळी भाजी निवडताना मेकॅनिक म्हणाला, “ते दुसरं कसलं ते? न घडलेलं. पाऊस आला असता तर.”

“अवास्तवार्थ. ‘सा’.”

“त्यात खोटं बोलतोस असं कुणी म्हणू शकतं का?”

बाई शेंगा सोलायच्या थांबल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “असता म्हटलं की आपण काही ठासून सांगतच नाही. त्यावर भांडायला जागा राहत नाही.”

“मग ते शिकव.”

“अहो, पण मग तुम्ही म्हणणार की तुम्ही मुलगा नाही आहात.”

“मी असतो तर, एवढंच म्हणणार. मला काय, मला माहितीच आहे मी कोण ते.”

“अन ना तोबू सालीन.” एक ‘सा’ वाढला, बाकी पाठच होतं. या वेळी त्याने स्टूल जरा लांब ठेवलं, परक्या माणसाने ठेवावं तसं. रेकॉर्डर कपाटावर चालूच होता, तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बसला. घसा खाकरला. मी तुझा मुलगा असतो तर, असं त्याने आईला सांगितलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. काळे हात पाहिले, टक्कल पाहिलं, शर्टाचं तुटलेलं बटण पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या,

“तोबू सालीनवे!”

बाईंच्या हातातली शेंगांची परात खाली पडली. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या हातून असं काही पडलं, आणि दोन्ही वेळा बोलणारी बाई तीच.

“काय म्हणाली?” मेकॅनिकने मान न वळवता विचारलं. “भिऊ नको, खरं सांग. तुकड्या तुकड्याने सांग.”

“तोबू, मुलगा. सा, न घडलेलं. लीन, असणं.” बाईंचा आवाज फुटत होता, त्यांनी तो तसाच पुढे रेटला. “वे, आश्चर्य.”

“म्हणजे ओळखलं नाही.”

“नाही.”

“मग आश्चर्य कसलं?”

“की तुम्ही त्यांचे मुलगा असता. असं होऊ शकलं असतं, हे त्यांना आत्ता कळलं. आणि त्यांना ते फार आवडलंय.”

सासूबाईंनी हात पुढे केला आणि मेकॅनिकच्या शर्टाचं तुटलेलं बटण चाचपलं. मग त्या कडक आवाजात काहीतरी म्हणाल्या. हे मात्र बाईंना सांगावं लागलं नाही. ते ‘जेव’ होतं.

तो उठला, ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून सगळं जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने परत तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. रोज त्यांना नवल वाटायचं, आणि रोज त्याला जेवायला लागायचं.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. ‘सा’ आणि ‘वे’ एकत्र येत नाहीत हे वाक्य बाईंनी खोडलं. त्या जागी एकच उदाहरण आहे, खाली ते तुकडे पाडून लिहिलेलं आहे, आणि त्याखाली मराठी अनुवाद: ‘तू माझा मुलगा असतास की!’ मोठ्या सरांनी समासात लिहून विचारलं होतं, हे उदाहरण ठरवून काढलेलं तर नाही ना? बाईंनी उत्तर पाठवलं, हो, रोज संध्याकाळी ठरवूनच काढतो.